पाच काविळी, पाच कुळं : व्हायरसचा तक्ता कसा वाचायचा

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. व्हायरसच्या वर्गीकरणाचा तक्ता (डीएनए की आरएनए, आयकोसाहेड्रल की हेलिकल, एन्व्हलप आहे की नाही) तीनदा पाठ केला, आठवड्यात सगळा पुसला जातो. यात काही तर्क आहे की नुसतं घोकायचं? आणि हिपॅटायटिस ए, बी, सी, डी, ई ही नावं एका ओळीत असताना तक्त्यात ते पाच ठिकाणी का विखुरलेत?

उत्तर :

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा आहे, त्यामुळे शेवटी त्याच्याकडेच येते. मी पुण्यातल्या एका निदान प्रयोगशाळेत व्हायरॉलॉजीचं काम बरीच वर्षं केलं आणि आता शिकवते. वर्गात दरवर्षी एकच अडचण दिसते. मुलं तिन्ही रकाने सारख्याच वजनाचे धरतात आणि आडव्या ओळी पाठ करत जातात. खरं तर प्रत्येक रकाना व्हायरसला निराळा प्रश्न विचारतो. जीनोमचा रकाना विचारतो, पेशीत शिरल्यावर तू प्रथिनं कशी बनवून घेणार? कॅप्सिडचा विचारतो, एवढ्याशा जनुकांत तू स्वतःसाठी डबी कशी बांधलीस? आणि एन्व्हलपचा विचारतो, एका माणसाकडून दुसऱ्याकडे तू कसा जाणार? हे प्रश्न मनात ठेवले की पहिल्या उत्तरावरून पुढच्या दोघांचा बराचसा अंदाज येतो.

एक गोष्ट आधीच सांगते. परीक्षेत काय लिहायचं हे तुमच्या अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. आज व्हायरसचं अधिकृत कुळ मुख्यतः जीनोमच्या क्रमावरून, म्हणजे कोण कोणाचा नातेवाईक यावरून ठरतं. तीन रकान्यांचा तक्ता त्याच्या आधीचा आहे. पण प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात व्हायरस कसा वागेल हे ओळखायला तो अजूनही फार उपयोगी पडतो, म्हणून मी तोच धरून बोलते. शिवाय खाली जे नियम सांगते ते माणसाच्या व्हायरसपुरते आहेत. वनस्पतींच्या किंवा कोळंबीच्या व्हायरसना ते लावू नका, तिथे अपवाद भरपूर आहेत.

पहिला रकाना : जीनोम

पेशीतला रायबोसोम एकच भाषा वाचतो, एमआरएनएची. व्हायरसकडे स्वतःचा रायबोसोम नसतो. त्यामुळे आत काहीही घेऊन आला तरी त्याला कधी ना कधी एमआरएनएपर्यंत पोचावंच लागतं. १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी हाच धागा पकडून व्हायरसचे गट पाडले. आधी सहा होते, सातवा नंतर आला. गट क्रमांकाने पाठ करू नका. प्रत्येक वेळी विचारा, इथून एमआरएनएपर्यंतची वाट कोणती आणि त्या वाटेवर लागणारं एन्झाइम पेशीकडे आहे का?

दुहेरी धाग्याचा डीएनए असेल तर वाट सोपी. पेशीच्या केंद्रकात डीएनएवरून एमआरएनए बनवणारं यंत्र असतंच. हर्पिस, अ‍ॅडेनो, पॅपिलोमा हे व्हायरस केंद्रकात जाऊन तेच वापरतात. देवीचा व्हायरस याच गटातला, पण तो केंद्रकाकडे फिरकत नाही. सायटोप्लाझममध्येच वाढतो. तिथे ते यंत्र नसल्यामुळे तो स्वतःचं पॉलिमरेज बरोबर आणतो. एकेरी धाग्याच्या डीएनएचा, म्हणजे पार्व्होचा, आधी दुसरा धागा तयार व्हावा लागतो. ते काम विभागणाऱ्या पेशीतच नीट होतं, म्हणून माणसातला पार्व्हो बी१९ अस्थिमज्जेत लाल पेशी जिथे भराभर बनतात तिथे जातो. कुत्र्याचं पिल्लू पाळलेल्यांना पार्व्हो हा शब्द वेगळा सांगावा लागत नाही. तिथेही तो आतड्याच्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवरच बसतो.

आता आरएनए. मुलांचा गोंधळ होतो तो इथे. पॉझिटिव्ह धाग्याचा आरएनए हा स्वतःच एमआरएनए असतो. आत गेला की रायबोसोम थेट वाचायला लागतो. निगेटिव्ह धागा म्हणजे कार्यालयातला रबरी शिक्का समजा. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात, ती कोणी वाचत नाही. कागदावर ठसा उमटला की मग वाचता येतं. हा ठसा उमटवणारं एन्झाइम, म्हणजे आरएनएवरून आरएनए बनवणारं पॉलिमरेज, आपल्या पेशीत नसतं. म्हणून निगेटिव्ह धाग्याच्या प्रत्येक व्हायरसने ते पॉलिमरेज कणाच्या आत भरूनच यावं लागतं. याचा पुरावा अगदी सरळ आहे. पोलिओच्या व्हायरसमधून नुसता आरएनए शुद्ध करून पेशीत घातला तरी नवे व्हायरस तयार होतात. रेबीजच्या व्हायरसमधून नुसता आरएनए काढून घातला तर काहीही होत नाही, कारण शिक्का आला पण उमटवणारा हात बाहेरच राहिला.

दुहेरी धाग्याच्या आरएनएचं तसंच, पॉलिमरेज बरोबर हवं. रोटाव्हायरस हे याचं उदाहरण, त्याच्या जीनोमचे ११ तुकडे असतात. त्याची गंमत अशी की पेशीत शिरल्यावरही तो आतली डबी उघडत नाही. दुहेरी आरएनए मोकळा दिसला की पेशीची धोक्याची घंटा वाजते. म्हणून डबीच्या आतच एमआरएनए बनतो आणि बारीक भोकांतून बाहेर ढकलला जातो.

उरले दोन गट, उलट्या दिशेने जाणारे. एचआयव्ही कणात आरएनए घेऊन येतो आणि पेशीत त्याचा डीएनए करतो. हिपॅटायटिस बी कणात डीएनए घेऊन येतो, पण नवा जीनोम बनवताना मध्ये आरएनएची पायरी घेतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज दोघांकडे आहे, फक्त घरातून निघताना एकाच्या हातात आरएनए असतो, दुसऱ्याच्या हातात डीएनए. म्हणूनच एचआयव्हीच्या काही गोळ्या हिपॅटायटिस बीवरही चालतात.

दुसरा रकाना : कॅप्सिड

इथे एक छोटं गणित करून पाहा. मी वर्गात ते फळ्यावर करतेच. पोलिओचा जीनोम साधारण ७,५०० अक्षरांचा. तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, आणि दोन्ही टोकांचा काही भाग वाचला जात नाही, म्हणून सगळ्या प्रथिनांची मिळून होतात सुमारे २,२०० अमिनो आम्लं. आता त्याची डबी मोजा. तिच्यात चार प्रथिनांचा एक संच साठ वेळा वापरलेला आहे आणि एका संचात सुमारे ८८० अमिनो आम्लं आहेत. म्हणजे नुसत्या डबीला जवळजवळ ५३,००० अमिनो आम्लं लागली. प्रत्येक वीट वेगळी घडवायची म्हटलं तर जीनोम चोवीस पट मोठा हवा होता, आणि तो मग त्या डबीत मावलाच नसता. एकच वीट पुन्हा पुन्हा वापरणं हाच मार्ग उरतो. क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता.

सारख्या विटा पुन्हा पुन्हा लावून बंद डबी करायची तर वीस त्रिकोणी बाजूंचा आयकोसाहेड्रन सोयीचा पडतो, त्यात साठ सारख्या जागा मिळतात. मोठी डबी हवी असेल तर साठच्या पटीत विटा वाढवायच्या. दुसरी पद्धत गोल जिन्याची. जीनोमच्या धाग्यालाच प्रथिनाच्या पायऱ्या बसवत जायचं, जितका धागा तितका जिना. तंबाखूच्या मोझॅक व्हायरसमध्ये ६,४०० च्या आसपास अक्षरं आणि सुमारे २,१३० विटा आहेत. भागाकार करा, प्रत्येक वीट बरोबर तीन अक्षरं धरते.

आता पहिला रकाना दुसऱ्याला कसा बांधतो ते बघा. माणसाच्या डीएनए व्हायरसमध्ये हेलिकल कोणी नाही. सगळे आयकोसाहेड्रल, फक्त देवीचं कुळ या दोन्हींत बसत नाही, त्याचा कण विटेच्या आकाराचा आणि रचना गुंतागुंतीची. निगेटिव्ह धाग्याचे आरएनए व्हायरस उलट, सगळे हेलिकल : इन्फ्लुएन्झा, गोवर, गालगुंड, रेबीज, इबोला. याला कारण आहे. या व्हायरसचं पॉलिमरेज उघडा आरएनए वाचतच नाही. प्रथिनाच्या पायऱ्या बसवलेला आरएनएच ते वाचतं. जिना ही त्याची कामाची जागा आहे, म्हणून तो मोडून चालत नाही. पॉझिटिव्ह धाग्याचे बहुतेक आयकोसाहेड्रल : पोलिओ, नोरो, डेंग्यू, चिकुनगुन्या. त्यांचा आरएनए पेशीत मोकळा सुटायलाच हवा, त्यामुळे त्याला उघडणारी डबी परवडते. अपवाद एकच ठळक, कोरोना. पॉझिटिव्ह असूनही हेलिकल. त्याचा जीनोम जवळजवळ ३०,००० अक्षरांचा, पोलिओच्या चौपट. ठरलेल्या मापाच्या डबीपेक्षा वाढवता येणारा, वळवता येणारा जिना एवढ्या लांब धाग्याला बरा पडतो, असं मला वाटतं. तुम्ही त्याला निदान लक्षात ठेवायची खूण तरी माना.

एचआयव्हीसाठी जुन्या तक्त्यांत आयकोसाहेड्रल लिहिलेलं सापडेल. पक्व कणातला त्याचा कॅप्सिड शंकूसारखा असतो. परीक्षेत तक्ता जसा दिलाय तसं लिहा, पण मनात शंकू ठेवा.

तिसरा रकाना : एन्व्हलप

एन्व्हलप म्हटलं की मुलांना चिलखत आठवतं. इथेच पहिली चूक होते. एन्व्हलप म्हणजे व्हायरस पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा ओढून घेतलेला तुकडा, लिपिडचा पापुद्रा. साबण, अल्कोहोल, पित्त, कोरडं पडणं यांपुढे तो लवकर हार मानतो. आणि पेशीला चिकटणारी प्रथिनं याच पापुद्र्यात रोवलेली असतात, त्यामुळे तो फाटला की आतला कॅप्सिड शाबूत असूनही व्हायरस निकामी. ज्यांना एन्व्हलप नाही ते जास्त चिवट. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबाच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबू नका, साबणाने चोळून हात धुवा आणि फरशीला ब्लीच वापरा असं सांगतात, ते याचमुळे. पार्व्हो झालेलं पिल्लू जिथे होतं तिथे काही महिने दुसरं आणू नका म्हणतात, तेही याचमुळे.

इथेही रकाने एकमेकांशी बोलतात. माणसातला हेलिकल व्हायरस एन्व्हलपशिवाय आढळत नाही. म्हणजे निगेटिव्ह धागा कळला की हेलिकल कळलं आणि हेलिकल कळलं की एन्व्हलप कळलं. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. चांदीपुरा व्हायरस १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून मिळाला आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, ओळखला गेला. तो रेबीजच्या कुळातला, म्हणजे निगेटिव्ह धागा, एवढंच तुम्हाला सांगितलं तर बाकी तुम्ही भरू शकता : पॉलिमरेज कणात, आत जिना, बाहेर पापुद्रा, क्लोरोफॉर्मने मरणार, पाण्यातून पसरणार नाही. तो वाळूमाशीच्या चावण्यातून पसरतो. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, हे मात्र कुळाचं वैशिष्ट्य, ते लक्षात ठेवावं लागतं.

क्लोरोफॉर्मचं नाव निघालं तर ती चाचणी सांगतेच, कारण एन्व्हलप हा शब्द मला खरा कळला तो तिच्यामुळे. आता जीनोमचा क्रम काढणं सोपं झालंय, तरी हातात अनोळखी व्हायरस असेल तर ही चाचणी आजही करता येते. पेशींत वाढवलेला व्हायरस गोठवून-वितळवून बाहेर काढायचा, सेंट्रिफ्यूज करून पेशींचा कचरा बाजूला करायचा. मग ०.९ मिलिलिटर व्हायरसमध्ये ०.१ मिलिलिटर क्लोरोफॉर्म. तेवढ्याच व्हायरसच्या दुसऱ्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्मऐवजी माध्यम. दोन्ही दहा मिनिटं हलवायच्या आणि हलक्या वेगाने फिरवायच्या. क्लोरोफॉर्मच्या ट्यूबमध्ये तीन थर दिसतात : खाली क्लोरोफॉर्म, मध्ये पांढरी साय, वर निवळ पाणी. सायीला धक्का न लावता वरचं पाणी काढायचं आणि सेफ्टी कॅबिनेटमध्ये झाकण उघडं ठेवून उरलेला क्लोरोफॉर्म उडू द्यायचा. मग दोन्हींचे दहापटींचे डायल्यूशन करून व्हेरो पेशींवर घालायचे आणि कितव्या डायल्यूशनपर्यंत पेशी मरतात ते रोज बघायचं. समजा क्लोरोफॉर्मशिवाय टायटर दहा लाख आलं आणि क्लोरोफॉर्मनंतर शंभर, तर एन्व्हलप आहे. दहा लाखाचं पाच लाख झालं तर तो फरक हाताळणीतला, एन्व्हलप नाही. सुरुवातीचं टायटरच पाचशे असेल तर चाचणी करू नका, घसरण दिसायला जागाच उरत नाही.

मी शिकाऊ असताना ज्या प्रयोगशाळेत होते तिथे एकदा अशाच चाचणीत एक अनोळखी व्हायरस एन्व्हलपवाला ठरला. क्लोरोफॉर्मनंतर टायटर सपाट पडलं होतं. अहवाल लिहायला घेतला, पण त्या दिवशी एन्व्हलप नसलेला ओळखीचा व्हायरस, कॉक्सॅकी, शेजारी लावलेलाच नव्हता. आमच्या वरिष्ठ मॅडमनी कागद परत दिला आणि चाचणी पुन्हा लावायला सांगितली, एका बाजूला कॉक्सॅकी आणि दुसऱ्या बाजूला हर्पिस घेऊन. दुसऱ्या वेळी कॉक्सॅकीचं टायटरही पडलं, आणि ते पडायला नको होतं. शोध घेतला तेव्हा कळलं की वरचं पाणी काढताना आम्ही पांढरी साय ढवळत होतो आणि व्हायरसचे कण तिच्यात अडकून राहत होते. साय न ढवळता तिसऱ्यांदा केलं तेव्हा कॉक्सॅकी जसाच्या तसा राहिला, हर्पिस पडला, आणि आमचा अनोळखी कॉक्सॅकीसारखा वागला. म्हणजे एन्व्हलप नाही. पुढे तो एंटेरोव्हायरस निघाला. याच्या उलटी फसगतही होते. क्लोरोफॉर्म पुरता उडाला नाही तर त्यानेच व्हेरो पेशी मरतात आणि व्हायरस जिवंत आहे असं वाटतं. ओळखायची खूण अशी की क्लोरोफॉर्मने पेशी पहिल्याच दिवशी आणि सगळ्यात दाट डायल्यूशनमध्येच मरतात, व्हायरसला दोन-तीन दिवस तरी लागतात. आणि पॉलिस्टायरिनची ट्यूब घेऊ नका, क्लोरोफॉर्म तिला विरघळवतो. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या.

आता त्या पाच काविळी

ए ते ई ही अक्षरं डॉक्टरांनी दिलेली आहेत, यकृताकडे बघून. डोळे पिवळे, लघवी गडद, यकृताला सूज, झाला हिपॅटायटिस. व्हायरस कोणत्या कुळातला हे त्या नावात कुठेच नाही. पाचजण एकाच वाड्यात भाड्याने राहतात म्हणून एका रक्ताचे होत नाहीत. तक्ता त्यांची कुळं सांगतो, म्हणून ते विखुरलेले दिसतात.

ए घ्या. पॉझिटिव्ह आरएनए, आयकोसाहेड्रल, एन्व्हलप नाही, पोलिओच्या कुळातला. ई घ्या. पॉझिटिव्ह आरएनए, आयकोसाहेड्रल, एन्व्हलप नाही, पण कुळ वेगळं, हेपे. तिन्ही रकाने अगदी सारखे, आणि वागणंही सारखं : दोघंही सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येतात. सी घ्या. पॉझिटिव्ह आरएनए, पण एन्व्हलप आहे, डेंग्यूच्या कुळातला. बी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवाला डीएनए, ३,२०० च्या आसपास अक्षरांचा इवलासा जीनोम, आयकोसाहेड्रल, एन्व्हलप आहे. बी आणि सी रक्तातून, सुईतून जातात. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. तिसरा रकाना झाकून ठेवून नुसत्या रोगाकडे बघितलं तर हे कळणार नाही. रकाना उघडा, पापुद्रा नसलेले पाण्याने आले आणि पापुद्रा असलेले रक्ताने आले.

ए आणि ई तिन्ही रकान्यांत इतके सारखे की माणसांनाही ते वेगळे ओळखायला वेळ लागला. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आली म्हणून ती एची साथ मानली गेली. त्या रुग्णांचं सिरम जपून ठेवलेलं होतं. १९८० मध्ये ते तपासलं गेलं, तपासणाऱ्यांत आपल्या पुण्याच्या एनआयव्हीतले शास्त्रज्ञही होते, आणि एची लागण त्या साथीला कारण नव्हती असं निघालं. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या शौचाचा अर्क स्वतः प्यायला, त्याला कावीळ झाली आणि त्याच्याच शौचात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ३० नॅनोमीटरच्या आसपासचे गोल कण दिसले. एविरुद्धची प्रतिपिंडं त्याच्या अंगात आधीच होती, म्हणून हा ए नव्हता हे नक्की झालं. पुढे त्यालाच ई हे नाव मिळालं. सांगायचा मुद्दा असा की तीन रकाने सारखे आले म्हणून व्हायरस एक होत नाही. तक्ता तुम्हाला गल्लीपर्यंत नेतो, दारावरची पाटी प्रतिपिंडं किंवा जीनोमचा क्रम वाचल्यावरच दिसते.

आता एक बारकावा, जो तक्त्यात मावत नाही. ए आणि ई यांना एन्व्हलप नाही असं आपण लिहिलं, ते शौचातल्या कणांबद्दल खरं आहे. रुग्णाच्या रक्तात मात्र हेच दोन्ही व्हायरस पेशीच्या पटलात गुंडाळलेले फिरतात. एचं हे रूप २०१३ मध्ये समोर आलं. त्या गुंडाळीत व्हायरसची स्वतःची प्रथिनं बाहेर डोकावत नाहीत, म्हणून तिला खरं एन्व्हलप न म्हणता अर्धं-एन्व्हलप म्हणतात. रक्तात असताना ही गुंडाळी त्याला प्रतिपिंडांपासून लपवते. यकृतातून तो पित्ताच्या नळीत उतरतो, आणि पित्त म्हणजे शरीराचा साबण. तिथे लिपिड धुऊन जातं आणि आतड्यातून बाहेर पडतो तो उघडा, चिवट, पाण्यात टिकणारा कण. एकाच व्हायरसचं आत एक रूप, बाहेर दुसरं. क्लोरोफॉर्मची चाचणी कोणत्या नमुन्यावर केली याला किती अर्थ आहे, ते तुमच्या लक्षात येईल.

बीबद्दलही सावध राहा. एन्व्हलप आहे म्हणून तो नाजूक असेल असं समजू नका. वाळलेल्या रक्ताच्या डागात तो निदान सात दिवस टिकतो. म्हणूनच दाढीचं पातं आणि सुई यांबाबत एवढं बजावतात. देवीच्या कुळातलेही खपलीत वाळून दीर्घकाळ टिकतात. एन्व्हलप नाजूक हा नियम उपयोगी आहे, पण प्रत्येक वेळी नमुना कशात आहे आणि किती कोरडा आहे तेही विचारा.

थोडक्यात क्रम असा ठेवा : आधी जीनोमवरून एमआरएनएची वाट, त्यावरून पॉलिमरेज बरोबर लागतं का, मग कॅप्सिडचा अंदाज, मग एन्व्हलप, आणि शेवटी पसरण्याची वाट. कोऱ्या कागदावर फक्त पहिला रकाना लिहून बाकीचे स्वतः भरून पाहा. जिथे चुकाल ते खरे अपवाद, तेवढेच पाठ करा. ते दहाच्या आत निघतील.

राहिला डी. त्याला मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याच्यापुढे तक्ता अडखळतो. जीनोम निगेटिव्ह आरएनए, पण गोल बांगडीसारखा आणि फक्त १,७०० च्या आसपास अक्षरांचा. मी वर म्हटलं की निगेटिव्ह धाग्याचे सगळे पॉलिमरेज बरोबर आणतात आणि हेलिकल असतात. डी दोन्ही नियम मोडतो. तो पेशीचंच डीएनए वाचणारं पॉलिमरेज आपल्या आरएनएवर वापरून घेतो, आणि त्याच्याकडे सरळ जिनाही नाही, आयकोसाहेड्रल डबीही नाही, फक्त स्वतःच्या एका प्रथिनाशी गुंतलेला आरएनए. एन्व्हलपमध्ये रोवायचं प्रथिनही त्याला बनवता येत नाही. ते तो हिपॅटायटिस बीकडून घेतो. त्यामुळे ज्या पेशीत बी नाही तिथून डीला बाहेर पडून दुसऱ्या पेशीत शिरता येत नाही. म्हणूनच डीसाठी वेगळी लस टोचावी लागत नाही. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस देतात, तिच्यात बीच्या एन्व्हलपचंच प्रथिन असतं, आणि त्या एकाच लशीने बीबरोबर डीचीही वाट बंद होते.